सही झाली, पण ठराव सापडेल का?

भोपाळमधील टी. टी. नगर हे तात्या टोपे नगराचे रोजच्या बोलण्यातले नाव. सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवासस्थानांची ही जुनी वस्ती. स्मार्ट सिटी अभियानाच्या पहिल्या वीस शहरांत जानेवारी २०१६ मध्ये भोपाळची निवड झाली. सुरुवातीला पुनर्विकासासाठी शिवाजीनगरचा परिसर ठरला होता. तेथील झाडे आणि घरे यांवरून नागरिकांनी विरोध केल्यावर योजना टी. टी. नगराकडे वळली आणि सुमारे ३४२ एकर क्षेत्र तिच्याखाली आले. हे काम ना महापालिकेच्या एखाद्या विभागाकडे गेले, ना मंत्रालयाच्या कक्षाकडे. त्यासाठी ‘भोपाळ स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन लिमिटेड’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली.

गोमंतकीय वाचकाला ही रचना परकी नाही. मे २०१६ मध्ये निवड झालेल्या पणजीसाठीही ‘इमॅजिन पणजी स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट लिमिटेड’ ही कंपनीच उभी राहिली. अभियानाची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. रस्ते, गटारे आणि भूखंड मात्र तेथेच राहणार आहेत. कोणता भूखंड कोणत्या अटीवर द्यायचा, कोणती वस्ती आधी हलवायची, कोणत्या कामाचा वाढीव खर्च मान्य करायचा हे निर्णय अशा कंपनीत संचालक मंडळाच्या बैठकीत होतात आणि त्यांचा अधिकृत पुरावा म्हणजे त्या बैठकीचे मंजूर इतिवृत्त. वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या रहिवाशाने ‘हे कधी आणि कोणी ठरवले?’ असे विचारले, तर उत्तर त्या इतिवृत्तातच शोधावे लागेल. त्या वेळी ते सापडेल का, उघडेल का आणि खरे मानले जाईल का, हे आज सही करण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात ठरत असते. ते कसे, याचा हा विचार.

कायदा काय मागतो

कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ११८ नुसार बैठक संपल्यापासून तीस दिवसांच्या आत इतिवृत्त नोंदवहीत दाखल व्हावे लागते. कंपनी सचिवांच्या संस्थेने ठरवलेल्या आणि याच कलमाने बंधनकारक केलेल्या सचिवीय मानकात त्याचे टप्पे दिले आहेत. पंधरा दिवसांत मसुदा संचालकांकडे जातो, त्यावर अभिप्राय देण्यास सात दिवस मिळतात, मग अंतिम मजकूर नोंदवहीत चढतो आणि त्या किंवा पुढच्या बैठकीचे अध्यक्ष त्यावर सही करतात. एकदा दाखल झालेला मजकूर पुढच्या बैठकीच्या स्पष्ट मान्यतेवाचून बदलता येत नाही. संचालक मंडळाची इतिवृत्ते कायमस्वरूपी जपायची असतात. येथे आठ वर्षांनी कागद निकाली काढण्याची सोय नाही.

हीच नोंदवही संगणकावर ठेवण्याची मुभा कलम १२० देते. मात्र इलेक्ट्रॉनिक इतिवृत्तावर अध्यक्षांची डिजिटल सही हवी आणि टाइमस्टॅम्प, म्हणजे वेळेचा विश्वसनीय शिक्का हवा, असे मानक सांगते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ७ मध्ये जपणुकीची कसोटी आहे. नोंद पुढेही वापरता येईल अशी उपलब्ध राहिली पाहिजे. ती मूळ स्वरूपात किंवा मूळ माहिती अचूक दाखवणाऱ्या स्वरूपात असली पाहिजे. ती कोठून आणि केव्हा आली हे ओळखता आले पाहिजे. या तीन अपेक्षांतली पहिलीच बहुधा हातून निसटते, कारण ‘फाइल आहे’ म्हणजे ‘फाइल वापरता येते’ असे आपण गृहीत धरतो.

सही मजकूर गोठवते, दोषांसकट

डिजिटल सही म्हणजे सहीचे छायाचित्र नव्हे. सही करताना संगणक संपूर्ण फाइलवरून एक ठरावीक लांबीची खूण काढतो. तिला हॅश म्हणतात. आज प्रचलित असलेल्या एसएचए-२५६ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी ही खूण पूर्ण वेगळी येते. सही करणाऱ्याची गुप्त किल्ली या खुणेला कुलूप घालते. त्यामुळे नंतर कोणी मजकूर बदलला तर ते लपत नाही. पण याच गुणाची दुसरी बाजू आहे. फाइलमध्ये जे काही असेल ते, चांगले आणि वाईट, सहीबरोबर गोठते. नंतर दुरुस्ती करू गेलो तर सही मोडते.

आता अनेक कार्यालयांतली नेहमीची पद्धत पाहा. इतिवृत्त टंकित होते, छापले जाते, त्यावर पेनाने आद्याक्षरे होतात, मग ते स्कॅन होते आणि त्या स्कॅनवर डिजिटल सही केली जाते. पडद्यावर सारे नीटनेटके दिसते, पण फाइलमध्ये अक्षरे नसतात, अक्षरांची चित्रे असतात. चित्रात शब्द शोधता येत नाही. काही वर्षांनी कोणाला हे जाणवते आणि तो चित्रातली अक्षरे ओळखणारी प्रणाली, म्हणजे ओसीआर, त्या फाइलवर चालवतो. फाइल शोधण्याजोगी होते, पण ती बदललेली असते आणि सही अवैध ठरते. म्हणून शोधाची सोय सहीच्या आधी करावी लागते. जुन्या, आधीच सही झालेल्या स्कॅनना हात लावू नये. त्यांचा ओळखलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवावा आणि त्या फाइलच्या माथ्यावर मूळ फाइलचा हॅश लिहावा, म्हणजे कोणता मजकूर कोणत्या मुळाचा याबद्दल शंका उरत नाही.

देवनागरीचा सापळा

स्कॅन टाळले आणि इतिवृत्त थेट संगणकावरून पीडीएफ केले, तरी आपल्या लिपीपुढे आणखी एक अडचण असते. कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरी फक्त दिसते. आत रोमन अक्षरे आणि इतर चिन्हे साठवलेली असतात. हिंदी कार्यालयात कृतिदेवमध्ये ‘भोपाल’ असे टंकले की फाइलच्या पोटात प्रत्यक्षात हे असते:

```
Hkksiky
```

पडद्यावर ‘भोपाल’ वाचणारा माणूस शोधाच्या चौकटीत युनिकोडमध्ये ‘भोपाल’ लिहितो आणि यंत्र ‘काहीही सापडले नाही’ असे सांगते. यंत्र खोटे बोलत नसते. तो शब्द तेथे खरोखरच नसतो. उद्या तो फॉन्ट संगणकावर उरला नाही तर वाचणाऱ्यालाही हीच रोमन अक्षरे दिसतील. म्हणून इतिवृत्ताचा मसुदा पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच असावा.

युनिकोडमध्येही एक खोच आहे. पीडीएफ ही मुळात अक्षरे कागदावर कोठे बसतील हे सांगणारी रचना आहे. जोडाक्षरे, ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांचे दृश्य रूप आणि मूळ वर्णक्रम एकसारखा नसतो. ‘निवासी’ या शब्दातली पहिली वेलांटी दिसते ‘न’च्या आधी, पण साठवली जाते ‘न’च्या नंतर. पीडीएफ बनवणाऱ्या प्रणालीने ही सांगड नीट घातली नाही, तर छापील पान निर्दोष असते आणि शोध मात्र फसतो.

हे ओळखण्याची चाचणी दोन मिनिटांची आहे. सहीपूर्वी त्या पीडीएफमधला एक परिच्छेद निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि वाचावा. मग तीन शब्द शोधून पाहावेत. एक ऱ्हस्व वेलांटीचा, जसे ‘निवासी’. एक रफाराचा, जसे ‘पुनर्विकास’. एक ‘ऱ्य’ असलेला, जसे ‘दुसऱ्या’. हा शेवटचा मुद्दाम, कारण ‘ऱ्य’ टंकण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत आणि त्या दिसायला सारख्या असूनही यंत्राला वेगळ्या वाटतात. ‘ॲड.’मधल्या ‘ॲ’चेही तसेच. कोणी ते एक अक्षर म्हणून लिहितो, तर कोणी ‘अ’वर चंद्र ठेवून. कार्यालयाने एक रीत ठरवावी आणि मसुदा तीतच शुद्ध करून घ्यावा.

शोधणारा कोणता शब्द टाकील हे आपल्या हाती नसते. टी. टी. नगराचेच उदाहरण घ्या. एका इतिवृत्तात ‘टी. टी. नगर’ असेल, दुसऱ्यात ‘टीटी नगर’, तिसऱ्यात ‘तात्या टोपे नगर’. माणसाला तिन्ही एकच. यंत्राला तीन वेगळी गावे. शिवाय मराठीत विभक्ती लागली की शब्दाचे रूपच पालटते. ‘देशपांडे’ शोधणाऱ्याला ‘देशपांड्यांनी सुचवले’ हे वाक्य सापडत नाही. आपल्याकडे याच्या जोडीला मराठी, कोकणी आणि इंग्रजी यांची सरमिसळ येते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक इतिवृत्ताबरोबर एक छोटी सूची. तीत बैठकीचा क्रमांक आणि दिनांक, ठरावाचा क्रमांक, एका ओळीत विषय, भूखंड किंवा सर्व्हे क्रमांक आणि स्थळनामाची प्रचलित सर्व रूपे एवढे असावे. अंक देवनागरी आणि रोमन दोन्हींत लिहावेत, कारण ‘३४२’ शोधणाऱ्याला दुसऱ्या लिपीतला तोच अंक बहुतेक वेळा सापडत नाही.

एक बैठक, टप्प्याटप्प्याने

समजा, अशा एखाद्या कंपनीच्या संचालक मंडळाची बैठक १० जूनला झाली आणि सातव्या ठरावाने एका भूखंडाच्या वाटपाची अट बदलली. २५ जूनपर्यंत युनिकोडमधला मसुदा संचालकांकडे जातो. २ जुलैपर्यंत अभिप्राय येतात. सचिव ते तपासून अंतिम मजकूर तयार करतो आणि १० जुलैच्या आत तो नोंदवहीत दाखल करतो.

या अंतिम मजकुराची पीडीएफ/ए स्वरूपात फाइल बनते. दीर्घकाळ जपण्यासाठीच हे स्वरूप २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आले. त्यात वापरलेले फॉन्ट फाइलच्या आतच साठवावे लागतात आणि पासवर्डचे कुलूप घालण्यास मनाई असते. ही मनाई महत्त्वाची आहे. आज सुरक्षिततेसाठी घातलेला पासवर्ड सांगणारा माणूस वीस वर्षांनी कार्यालयात नसतो. या मानकाच्या तिसऱ्या भागात फाइलच्या पोटात दुसरी फाइल जोडण्याची सोय आहे. सचिव तिचा उपयोग करून इतिवृत्ताचा साधा युनिकोड मजकूर आणि वर सांगितलेली सूची आतच जोडतो. आता पान, मजकूर आणि सूची ही तिन्ही एकाच सहीखाली येतील. मग नोटपॅडची चाचणी होते. ती उतरली तरच फाइल अध्यक्षांपुढे जाते.

अध्यक्ष आपल्या यूएसबी टोकनने सही करतात. टोकन आणि त्याचा पिन त्यांच्याच हाती असला पाहिजे. सोयीसाठी दोन्ही लिपिकाच्या खणात ठेवले, तर सही तंत्रदृष्ट्या खरी आणि अर्थाने खोटी ठरते. सहीच्या क्षणीच परवानाधारक प्रमाणन संस्थेकडून टाइमस्टॅम्प घेतला जातो. येथे एक चूक सहज होते. सहीच्या चौकटीत दिसणारी वेळ पुष्कळदा फक्त त्या संगणकाच्या घड्याळाची असते आणि घड्याळ कोणीही मागे फिरवू शकतो. टाइमस्टॅम्प तिसऱ्या, विश्वासार्ह संस्थेकडून येतो. सहीच्या तपशिलात त्याचा वेगळा उल्लेख दिसतो की नाही, हे पाहावे.

सहीलाही वय असते

सही करणाऱ्याचे प्रमाणपत्र कायमचे नसते. टोकनवरच्या प्रमाणपत्राची मुदत साधारण एक ते तीन वर्षांची असते. आधारवर चालणाऱ्या ई-साइनमध्ये तर प्रमाणपत्र केवळ तीस मिनिटांचे असते. ते त्या एका सहीपुरतेच निघते. मग दहा वर्षांनी फाइल उघडणाऱ्याने काय समजायचे? मुदत संपलेल्या प्रमाणपत्राची सही, की मुदतीत असताना केलेली वैध सही? हा निवाडा टाइमस्टॅम्पच करतो. तो नसेल तर सही मुदतीतच झाली हे सिद्ध करणे जड जाते.

त्याच्या जोडीला आणखी एक पुरावा लागतो. सहीच्या वेळी ते प्रमाणपत्र रद्द झालेले नव्हते, हे दाखवणारी प्रमाणन संस्थेची नोंद त्याच वेळी फाइलमध्ये साठवून ठेवावी. पुढे ती संस्था किंवा तिचे संकेतस्थळ असेलच असे नाही. टाइमस्टॅम्प देणाऱ्याच्या प्रमाणपत्रालाही मुदत असते. म्हणून ती संपण्यापूर्वी संपूर्ण फाइलवर नवा टाइमस्टॅम्प चढवावा लागतो. जुन्या लिफाफ्याला न उघडता नव्या लिफाफ्यात घालून पुन्हा लाख लावण्यासारखे हे आहे. सही दीर्घकाळ टिकवण्याच्या मानकात यासाठी खास जागा राखलेली असते, त्यामुळे आतली सही मोडत नाही.

फाइल उघडल्यावर अनेक संगणकांवर हिरव्या खुणेऐवजी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते. त्याचा अर्थ इतिवृत्तात फेरफार झाला असा होत नाही. भारतीय प्रमाणन नियंत्रकाचे मूळ प्रमाणपत्र त्या संगणकाच्या विश्वासयादीत नाही, इतकाच बहुधा त्याचा अर्थ असतो. ते एकदा नोंदवले की प्रश्नचिन्ह जाते. याउलट ‘सहीनंतर दस्तऐवज बदलला आहे’ असा संदेश आला, तर तो गंभीर आहे आणि तेथे थांबून चौकशीच करावी लागते.

आग, चकती आणि माणूस

१२ जून २०२३ रोजी भोपाळच्याच सातपुडा भवनाला आग लागली. तिसऱ्या मजल्यावर सुरू झालेली ही आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि सरकारी कार्यालयांतले सामान व कागदपत्रे जळाली. अशा प्रसंगानंतर ‘सगळे संगणकावर न्या’ असा आग्रह धरला जातो. पण संगणकही त्याच इमारतीत असेल तर तोही जळतो. इतिवृत्ताच्या किमान तीन प्रती हव्यात. त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर हव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या गावी हवी. एक प्रत अशा साठ्यात असावी जेथे लिहिलेले पुन्हा पुसता येत नाही, म्हणजे चुकून झालेले किंवा खंडणीखोर विषाणूने केलेले पुसणे तिला लागत नाही.

चकती आगीवाचूनही, आवाज न करता खराब होते. म्हणून प्रत्येक फाइलच्या हॅशची यादी वेगळी ठेवावी आणि वर्षातून एकदा साऱ्या प्रतींचे हॅश पुन्हा काढून ताडून पाहावेत. विंडोज संगणकावर एका आज्ञेने हे होते:

```
certutil -hashfile baithak.pdf SHA256
```

उत्तर यादीशी जुळले तर प्रत शाबूत आहे. जुळले नाही तर दुसऱ्या प्रतीवरून ती लगेच बदलावी. सगळ्याच प्रती बिघडल्यावर ही जाग येऊन उपयोग नसतो. या यादीचा दुसरा उपयोग न्यायालयात होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना जे प्रमाणपत्र द्यावे लागते, त्याच्या नमुन्यात फाइलचा हॅश लिहिण्याची जागा आहे. पहिल्या दिवशी काढलेला हॅश आणि साक्षीच्या दिवशी काढलेला हॅश एकच निघाला, तर मधल्या काळात काही बदलले नाही हे सांगायला दुसऱ्या साक्षीदाराची फारशी गरज उरत नाही.

यंत्राने जे सुटत नाही ते माणसाकडे राहते. अभियान संपले, कंपनी दुसऱ्या यंत्रणेत विलीन झाली किंवा बंद झाली, तर फाइली, हॅशची यादी, सूची आणि नवे टाइमस्टॅम्प चढवण्याची तारीख हे सारे कोणाच्या ताब्यात गेले याची लेखी नोंद हवी. कंपनी सचिव बदलतानाही हीच पावती घेतली पाहिजे. केवळ सर्व्हरचा पासवर्ड देणे म्हणजे ताबा देणे नव्हे.

नागरिकाच्या हातीही एक साधन आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या नोंदी सूचीबद्ध ठेवायच्या असतात आणि आपल्या मंडळांच्या बैठकींची इतिवृत्ते जनतेला पाहता येतात की नाही हे स्वतःहून जाहीर करायचे असते. पणजीत असो वा भोपाळात, अर्ज करणाऱ्याने फक्त ‘इतिवृत्ताची प्रत द्या’ असे न म्हणता ‘मूळ डिजिटल सहीची फाइल द्या’ असे मागावे. छापील प्रतीवर डिजिटल सही तपासता येत नाही. फाइल हाती आली की सहीच्या तपशिलात टाइमस्टॅम्प पाहावा, एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवावा आणि आपल्या वाड्याचे, भाटाचे किंवा भूखंडाचे नाव शोधून पाहावे. ते आज सापडत नसेल, तर पंचवीस वर्षांनी आपल्या मुलांनाही सापडणार नाही. आजच्या घडीला मात्र तो मसुदा टंकणारा माणूस कार्यालयात आहे आणि पुढच्या बैठकीचे इतिवृत्त नीट करून घेता येते.